अप्पांनी लिहून दिलेला शब्द

दुपारचं जेवण झालं की अप्पा नवीन काम हातात घेत नसत. मशीनवर फडकं टाकायचं, आरी आणि मेण लावलेला दोरा पुढ्यात घ्यायचा आणि दाराजवळच्या स्टुलाकडे तोंड करून बसायचं. ही वेळ फाटक्या बॅगांची. ज्याची बॅग या दुकानातून गेली असेल, त्याने ती घेऊन यावं, स्टुलावर बसावं आणि चार गोष्टी सांगाव्यात. तेवढ्यात बॅग नीट होई. पैसे विचारले तर अप्पा ऐकू न आल्यासारखं करत. दुसऱ्यांदा विचारले तर म्हणत, "बॅग आमची फाटली, पैसे तुम्ही का देणार?"

दुकान म्हणजे पुढे एक गाळा आणि मागे एक खोली. मागच्या खोलीत बायको पुठ्ठ्याच्या साच्यांवरून कॅनव्हास कापायची. अप्पा शिवायचे. शाळेच्या बॅगा, डब्याच्या पिशव्या, प्रवासाच्या मोठ्या थैल्या. बाजारात मिळायच्या त्यापेक्षा जड आणि दिसायला साध्या. पण टिकायच्या. माणसं म्हणायची, अप्पांची बॅग घेतली की कंटाळा येतो पण बॅग जात नाही.

दुरुस्तीची ही रीत अप्पांच्या वडिलांपासूनची. ते आधी तंबू शिवायचे. बॅग म्हणून शिवलेली त्यांची पहिली वस्तू आठवड्याच्या आत पट्ट्यापाशी फाटून परत आली. वडिलांना इतकी लाज वाटली की त्यांनी गिऱ्हाइकाला बसवून ठेवलं, समोर टाके घातले आणि ते करताना त्याला नाना प्रश्न विचारले. कुठल्या खांद्यावर घेता? आत काय ठेवता? खाली कशी ठेवता, अलगद की धाडकन? अप्पा तेव्हा लहान होते. एवढं मात्र त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं की बॅग का फाटली ते निम्मं बॅग सांगते, उरलेलं माणूस.

पुढे ते स्वतः तसंच करू लागले. चौकापलीकडच्या दवाखान्यातल्या नर्सबाई कुठलीही बॅग घेवोत, ती एकाच कोपऱ्यात फाटायची. अप्पांनी त्यांना बॅग उचलून दोन पावलं चालायला लावलं. मग कळलं, बाई दमल्या की बॅग खांद्यावरून उतरवत नाहीत, नुसती सोडून देतात, आणि ती नेहमी त्याच कोपऱ्यावर आपटते. अप्पांनी आतून जाड पट्टी लावली. नर्सबाई हसून म्हणाल्या होत्या, माझ्या नवऱ्याला इतक्या वर्षांत मी कशी चालते ते ठाऊक नाही.

एरवी अप्पा अबोल. लग्नाकार्यात कोपरा धरून बसणारे. पण स्टुलावर कोणी बसलं आणि हातात सुई असली की त्यांची जीभ सुटे. बायको म्हणायची, यांना गप्पा मारायला आधी कुणाची तरी बॅग फाटावी लागते.

रोज येणाऱ्यांत एक गुरुजी होते. निवृत्त शिक्षक. त्यांची बॅग इतक्यांदा दुरुस्त झाली होती की मूळ कापड शोधावं लागे. कधी कधी ती फाटलेली नसायचीही. गुरुजी बकलाशी चाळा करत म्हणायचे, हे जरा सैल वाटतंय. अप्पा बकल काढायचे आणि होतं तसंच परत लावायचे. दोघांनाही ते कळायचं.

धाकटी लेक एका ऑफिसात नोकरीला होती. तिने ती सोडली आणि दुकानात येऊन बसली. म्हणाली, रस्त्यावरून जाणारी माणसं कमी होत चालली आहेत, आता आपण ऑनलाइन विकू. अप्पांनी मान डोलावली. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण लेक दुकानात आली यातच त्यांना सगळं मिळालं होतं. तिने बॅगांचे फोटो काढले, मापं घेतली, वजनं केली. पाठवायची खोकी मागवली. सगळं झालं आणि गाडी एका जागी अडली. साइटवर दुकानाच्या नावाखाली एक ओळ हवी होती, आणि 'आमच्याबद्दल' या पानावर आठ-दहा वाक्यांची गोष्ट.

आठ-दहाच का, असं अप्पांनी विचारलं. लेकीने मोबाइल त्यांच्या हातात दिला आणि अंगठ्याने पान सरकवायला लावलं. अप्पांनी सरकवलं. मग आणखी सरकवलं. लेक म्हणाली, बघा, तुम्ही काही वाचलंत का? अप्पा ओशाळले. लोकही असंच करतात, ती म्हणाली. त्यांना तीन गोष्टी कळल्या पाहिजेत. हे बनवतं कोण, याच्यात वेगळं काय आणि आम्ही विश्वास का ठेवावा. तेवढ्यात अंगठा थांबला तर थांबला.

तिची पहिली ओळ होती, 'उत्तम दर्जा, वाजवी किंमत'. आई कापड कापता कापता म्हणाली, हे तर पलीकडचा चपलावालाही म्हणेल. लेकीने ती खोडली. दुसरी होती, 'परंपरेचा विश्वास, नव्या युगाचा ध्यास'. यावर आईने कात्री खाली ठेवली.

"अगं, निवडणुकीला उभी राहतेस की बॅगा विकतेस?"

लेक स्वतःच हसली. मग तिने अप्पांना गोष्ट सांगायला बसवलं. अप्पांनी तंबूंपासून सुरुवात केली आणि चहा आला तरी ते तंबूंतच होते. वडिलांचे वडील, त्यांचा भागीदार, भागीदाराचं घोडं. आईने मध्येच विचारलं, घोड्यालाही बॅग विकली होती का? लेकीने त्यातून आठ वाक्यं काढली. वाचून दाखवली. सगळं खरं होतं, व्याकरणशुद्ध होतं आणि कुणाच्याही दुकानाचं असू शकलं असतं.

आपल्यालाच म्हणता येईल आणि शेजाऱ्याला म्हणता येणार नाही अशी एक तरी गोष्ट पाहिजे, ती म्हणत राहिली. दहा नकोत. एकच. अप्पा म्हणाले, आपण जाड दोरा वापरतो. ती म्हणाली, तो विकत मिळतो.

मग एका दुपारी ती गल्ल्यापाशी हनुवटी टेकून बसली होती आणि अप्पा गुरुजींच्या बॅगेला टाका घालत होते. रस्त्याने जाणाऱ्या कुणीतरी गुरुजींना हटकलं, नवी घ्या की आता. गुरुजी म्हणाले, नवी कशाला, ही अजून अप्पांचीच आहे, मी नुसता वापरतो. लेक ताठ बसली. जवळच्या खोक्यावरच तिने लिहून काढलं.

संध्याकाळी तिने वाचून दाखवलं. 'आमच्या दुकानात दाराशी एक स्टूल आहे. बॅग फाटली की गिऱ्हाईक त्यावर येऊन बसतं. अप्पा त्याच्यासमोर टाका घालतात आणि बॅग कशी फाटली ते विचारतात. पुढची बॅग शिवताना ते उत्तर त्यांच्या लक्षात असतं. आमच्या बॅगा अशा शिकत आल्या आहेत.' आणि नावाखालची ओळ, 'एकदा शिवली की कायमची आमची'.

मागच्या खोलीतला कात्रीचा आवाज थांबला होता.  आपण रोज काय करतो ते अप्पांनी आजवर कधी ऐकलं नव्हतं. नुसतं केलं होतं. त्यांनी लेकीला ते पुन्हा वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदा. जेवताना त्यांचं चित्त ठिकाणावर नव्हतं. हात धुताना म्हणाले, एक वाक्य कमी आहे.

"कुठलं?"

"लांबचा माणूस स्टुलावर कसा येणार? त्याला सांग ना. बॅग पाठवा, आम्ही शिवून परत पाठवू. कधीही. फुकट."

लेक थबकली. तिने समजावून पाहिलं. अप्पा, गोष्ट ही गोष्ट असते. दुकानात काय चालतं ते आपण सांगितलं, ते पुरे आहे. पण 'पाठवा' म्हटलं की ती हमी होते. लोक ती धरून बॅग घेतील आणि आपल्याला ती पाळावीच लागेल. मी फार तर टाक्यांची एक वर्षाची हमी लिहिते. शिलाई उसवली तर आपण, बाकी झीज, भाजणं, कापणं त्यांचं त्यांनी बघायचं.

अप्पांचा चेहरा उतरला. एक वर्ष? गुरुजींना एक वर्षानंतर काय सांगायचं, उठा? आणि अटी घालून कुणी शब्द देतं का? गल्लीत दिला तो शब्द लांबच्याला द्यायचा नाही, म्हणजे लांबच्याची बॅग ती काय सावत्र?

बायको ताटं उचलत होती. तीही म्हणाली, अहो, इथली माणसं तुम्ही ओळखता. तिथे तुम्ही कुणाकुणाला ओळखणार?

"माणूस नाही ओळखला तरी बॅग ओळखेन," अप्पा म्हणाले. "टाका माझा आहे."

यापुढे कुणी वाद घातला नाही. खरं तर लेकीलाही ते वाक्य आवडलं होतं. कागदावर ते सगळ्यांत उठून दिसत होतं. पुढे तिने कितीदा तरी मनाशी कबूल केलं असेल की आपण पुरता जोर लावला नाही. पण हट्ट अप्पांचा होता, आणि अप्पा ते कधी विसरले नाहीत.

वाक्याने काम चोख केलं. अंगठे थांबले. लोकांनी ते पान एकमेकांना पाठवलं. कुणी लिहिलं, अशी माणसं अजून आहेत. अप्पांचा स्टुलासमोर बसलेला फोटो हजारो लोकांनी पाहिला, असं लेक सांगे. अप्पा म्हणत, त्या फोटोत माझं बटण उघडं आहे. पण घरी आलेल्या प्रत्येकाला ते तो दाखवत. मागणी वाढली. बायकोच्या मदतीला शेजारची एक बाई कापायला येऊ लागली. आणखी एक मशीन आलं.

पहिलं परत आलेलं पार्सल अप्पांनी पाहुण्यासारखं उघडलं. पट्ट्याचा टाका उसवला होता. सोबत चिठ्ठी होती, तिच्यात 'पट्टा' एवढंच लिहिलं होतं. अप्पांनी बॅग उलटी केली, हुंगली, आतला वाळूचा एक कण काढून लेकीला दाखवला. म्हणाले, हा समुद्राकाठचा माणूस दिसतो. दुपारभर ते त्या न पाहिलेल्या माणसाबद्दल बोलत होते.

मग पार्सलं येतच राहिली. सुरुवातीला आठवड्याला एखादं. मग रोज. कुणाची चेन तुटलेली, कारण बॅगेत तिच्या दुपटीचं सामान कोंबलेलं. एकीचा कोपरा कुत्र्याने चावून खाल्लेला. एकीवर इस्त्रीचा डाग. आणि एक बॅग तर अप्पांची नव्हतीच. दुसऱ्याच कुणाची, पातळ कापडाची. आत चिठ्ठी, 'तुम्ही चांगले आहात म्हणून ही पण पाठवते.' बायको म्हणाली, हात दाखवून अवलक्षण ते हेच. अप्पांनी तीही शिवली.

काम वाढलं याचं त्यांना काही वाटलं नाही. कामाला ते भ्यायले नव्हते कधी. त्यांची पंचाईत वेगळीच होती. फाटलेली जागा समोर होती आणि विचारायला कोणी नव्हतं. पट्टा डाव्या खांद्याचा की उजव्या, ते घासलेल्या कापडावरून कळे. पण आताच का तुटला? ओझं बदललं? काम बदललं? बॅग आता मुलगी वापरू लागली का? ठिगळ फाटल्या जागी लावायचं की त्याच्या चार बोटं वर, जिथून ओढ बसते तिथे? याची उत्तरं स्टुलावर मिळत असत. इथे ती खोक्यात नव्हती.

त्यांनी लेकीकडून नंबर घेऊन फोन करून पाहिले. एका बाईला त्यांनी विचारलं, तुम्ही बॅग खाली कशी ठेवता. बाईंनी विचारलं, तुम्ही कोण बोलताय. अप्पा म्हणाले, बॅगवाला. बाई म्हणाल्या, ओटीपी मागाल तर पोलिसात देईन. दुसऱ्या गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, एवढं विचारताय त्यापेक्षा नवीनच पाठवून द्या ना. तिसऱ्याने उचललाच नाही. त्या दिवसानंतर अप्पांनी फोन करणं सोडलं. फाटलं तिथे शिवू लागले. आधी दुपारी, मग सकाळीही. नवीन बॅगा दुसऱ्या मशीनवर शेजारची बाई शिवू लागली. अप्पांकडे फक्त जुन्या राहिल्या.

त्याच सुमारास एका दुपारी गुरुजी आले. स्टुलावर पार्सलं रचलेली होती. वरचं खोकं छतापर्यंत पोचेल की काय असं वाटत होतं. अप्पा मान खाली घालून एका चेनशी झटत होते. गुरुजी उभे राहिले. त्यांनी घसा खाकरला. अप्पांनी वर न बघता म्हटलं, आलोच, एवढं होऊ द्या. गुरुजी आणखी थोडे उभे राहिले. मग म्हणाले, चालू द्या, नंतर येतो. अप्पा बरं म्हणाले.

संध्याकाळी लेकीने सहज विचारलं, गुरुजींचं काय होतं आज? अप्पांनी विचारलं, गुरुजी आले होते? आणि मग त्यांना तो आवाज आठवला.  दुसऱ्या दिवशी त्यांनी सकाळीच स्टूल मोकळं केलं. पण दुपारची गाडी आली, पार्सलं उतरली आणि ठेवायला दुसरी जागा नव्हती. गुरुजी त्या दिवशी आले नाहीत. नंतरही आले नाहीत.

ज्या बॅगेने शेवटी निकाल लावला ती साधीच होती. निळी, लांब पट्ट्याची. अप्पांनी तिचा पट्टा शिवून पाठवला होता. ती महिन्याभरात परत आली, त्याच जागी फाटून. अप्पांनी दिव्याखाली धरून पाहिलं. टाके त्यांचे होते. एकही उसवला नव्हता. टाक्यांच्या कडेने कापड फाटलं होतं. म्हणजे ठिगळ चुकीच्या जागी बसलं होतं. ओढ वरून होती आणि त्यांनी खाली मजबूत केलं होतं. बॅग घेऊन जाणारा माणूस दोन पावलं चालताना दिसला असता तर हे त्यांना बघताक्षणी कळलं असतं.

अप्पांनी दुरुस्त केलेली बॅग आजवर त्याच जागी परत फाटली नव्हती. हे त्यांनी कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण मनात ते होतं.

निळ्या बॅगवाल्याने साइटवर काहीतरी लिहिलं होतं. लेक मोबाइल घेऊन आली आणि परत निघाली. अप्पांनी हाक मारली, काय लिहिलंय ते वाच. ती म्हणाली, राहू द्या. त्यांनी पुन्हा सांगितलं. तिने वाचलं. 'शब्द मोठे, दुरुस्ती कच्ची.' खाली वीसेक जणांनी त्याला दुजोरा दिला होता. काहींनी अप्पांची बॅग कधी पाहिलीही नसेल.

बायको चिडली. फुकटात शिवून घेतात आणि वर तोंड करून बोलतात, म्हणाली. अप्पांनी तिला हाताने थांबवलं.

"खोटं काय लिहिलंय त्याने?" ते म्हणाले. मग लेकीला म्हणाले, "काढ ती ओळ."

ओळ काढणं पान पुसण्याइतकं सोपं नव्हतं, हे लेकीने समजावलं. ती ओळ वाचून ज्यांनी बॅग घेतली त्यांना तो शब्द लागू राहणारच. तो मोडता येणार नाही. नवीन घेणाऱ्यांसाठी मात्र नियम बदलता येईल, आणि बदलला तर स्पष्ट लिहावा लागेल, तारीख घालून. शिलाईची एक वर्षाची हमी. त्यानंतर दुरुस्तीचे दर ठरलेले, पट्ट्याचा अमुक, चेनचा अमुक. अप्पा ऐकत होते. पूर्वी हेच तिने सांगितलं होतं तेव्हा त्यांना ते किती हलकं वाटलं होतं. आता त्यात बोट ठेवायला जागा सापडेना.

नावाखालची नवी ओळही तिने फार विचार करून लिहिली. 'रोजच्या ओझ्यासाठी'. खरी होती, छोटी होती आणि पाळता येण्याजोगी होती. गोष्टीतून तिने बॅग पाठवा म्हणणारं शेवटचं वाक्य काढलं. मग स्टुलाचं वाक्यही काढलं, कारण स्टूल वाचलं की लोक पुन्हा बसायला मागतील. तंबू परत आले. अप्पांनी ते वाचलं आणि चांगलं आहे म्हणाले. ते खरंच चांगलं होतं. फक्त तिसऱ्यांदा वाचून दाखव, असं ते म्हणाले नाहीत.

बदललेला नियम तिने साइटवर टाकला. मग दुकानाच्या फोनमध्ये जितके नंबर होते तितक्यांना निरोप गेला, 'आमची मोफत दुरुस्ती सेवा अमुक तारखेपासून बंद होत आहे. त्याआधी साइटवरून घेतलेल्या बॅगांना जुनाच नियम राहील.' त्या नंबरांत नर्सबाई होत्या. चपलावाला होता. सगळी गल्ली होती. निवडून वगळायचं तिच्या ध्यानात आलं नाही. तिच्या लेखी तो निरोप ऑनलाइनचा होता. गल्लीत तर कधी काही लिहिलेलं नव्हतंच, मग बंद काय होणार?

पण गल्लीने तो वाचला. कुणी वाईट बोललं नाही. उलट समजून घेतलं. अप्पांचं वय झालं, किती करणार, असं एकमेकांना सांगितलं. आणि ज्यांच्या बॅगा फाटल्या त्यांनी त्या घरी सेफ्टी पिन लावून चालवल्या.

हळूहळू पार्सलं ओसरली. दुपार मोकळी झाली. अप्पा जेवून, मशीनवर फडकं टाकून बसू लागले. दाराशी कोणी येईना. आधी त्यांना वाटलं, उन्हामुळे असेल. मग वाटलं, बॅगा फारच टिकाऊ झाल्या. बायको म्हणाली, तुम्हीच ना कळवलंत सगळ्यांना. अप्पांनी लेकीकडे पाहिलं. लेकीने फोन काढून तो निरोप कुणाकुणाला गेला ते पाहिलं. ती लगेच म्हणाली, मी दुसरा पाठवते, गल्लीपुरतं चालू आहे म्हणून. अप्पा नको म्हणाले. लिहून दिलेलं एकदा भोवलं, दुसऱ्यांदा नको. मी तोंडाने सांगतो.

नर्सबाईंना त्यांनी रस्त्यात सांगितलं. त्या म्हणाल्या, नाही हो, उगीच तुमच्यावर भार कशाला. चपलावाल्याला सांगितलं. तो म्हणाला, एकाला फुकट आणि एकाला पैसे, बरं दिसत नाही अप्पा, धंदा आहे. ही सगळी माणसं त्यांचं भलं बघत होती. त्यांच्याशी भांडता येत नव्हतं.

मग अप्पा स्वतः गुरुजींच्या घरी गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. गुरुजींनी खुर्ची दिली, पाणी दिलं. अप्पांना बोलायला सुचेना. हातात सुई नव्हती. दाराच्या खिळ्याला बॅग अडकवलेली होती, तिच्या पट्ट्याला सुतळीची गाठ मारलेली. अप्पा उठले आणि ती काढून घेऊ लागले. गुरुजी म्हणाले, राहू द्या हो, चालतंय. अप्पा म्हणाले, आणा, उद्या देतो. गुरुजींनी जास्त आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाले, उद्या मीच येऊन घेऊन जाईन.

अप्पांनी सकाळपासून दुसरं काम न घेता ती बॅग शिवली. पट्टा नवा घातला, पण रंग जुन्याशी जुळेल असा. बकलही पाहिलं. दुपारी स्टूल पुसून दाराशी ठेवलं. लेकीला सांगून मागच्या खोलीत पाठवलं.

गुरुजी आले. स्वच्छ धुतलेला सदरा होता. बसले. बॅग हातात घेऊन नव्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला. अप्पा म्हणाले, खांद्यावर घेऊन बघा, चालून बघा जरा. गुरुजींनी बॅग घेतली, दारापर्यंत गेले आणि परत आले. अप्पांना त्यांच्या चालीत फरक दिसला. डाव्या गुडघ्याला जपून पाऊल टाकत होते. अप्पा विचारणार होते. शब्द तोंडापर्यंत आले होते.

तेवढ्यात गुरुजींनी खिशात हात घातला.

"पट्ट्याचे किती असतात?" त्यांनी विचारलं. "तुमच्या दरात लिहिलंय, पण माझ्या मोबाइलवर ते पान उघडलं नाही."

अप्पा म्हणाले, तुमच्याकडून कसले. गुरुजींनी मान हलवली. म्हणाले, तसं नको. तुम्ही घरी आलात, मला बरं वाटलं. पण एकदा तुम्ही बंद केलं म्हटल्यावर मी फुकट घेतलं तर ती भीक होईल. आधी ती नव्हती. आधी कुणी विचारच केला नव्हता.

अप्पांनी ऐकू न आल्यासारखं करून पाहिलं.  दोरा गुंडाळू लागले. पण गुरुजी हात खिशातच ठेवून उभे राहिले. ते आता बसत नव्हते आणि जातही नव्हते. मागच्या खोलीतली कात्री केव्हाची थांबली होती.

शेवटी अप्पांनी आकडा सांगितला. साइटवर लेकीने लिहिला होता तोच. त्यांच्या तोंडून तो पहिल्यांदाच निघत होता आणि तो इतका हळू निघाला की गुरुजींना पुन्हा विचारावं लागलं.

"वाजवी आहे," गुरुजी म्हणाले. त्यांनी पैसे गल्ल्यावर ठेवले, बॅग नीट खांद्यावर घेतली आणि येतो म्हणाले.

अप्पा दारापर्यंत गेले. गुडघ्याचं विचारायचं होतं. पण गिऱ्हाइकाला असं काही विचारावं की नाही, हे ठरेपर्यंत गुरुजी कोपऱ्यावरून वळले होते.